संभाजीनगर ते मुंबई: प्रवास एक, अंतरं तीन

संशोधनाच्या प्रस्तावांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘प्रवासाचे अंतर उत्सर्जन गुणकाने गुणून प्रतिप्रवासी कार्बन उत्सर्जन काढण्यात येईल.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण प्रस्ताव मांडताना समोरच्या बाईंनी किंवा सरांनी ‘कोणतं अंतर?’ एवढंच विचारलं, तर बरेच जण गडबडतात. अंतर म्हणजे अंतर, त्यात कोणतं काय? तर त्यातच सगळं आहे. म्हणून या लेखात एकच प्रवास घेऊ आणि त्याचं गणित शेवटपर्यंत नेऊ. एक माणूस, छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला, एका बाजूने. गाडीने, रेल्वेने आणि विमानाने.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. समजा, तुमच्या विद्यापीठाने किंवा कंपनीने ठरवलं की पर्यावरणासाठी मुंबईचा विमानप्रवास बंद, त्याऐवजी गाडीचा खर्च मंजूर. त्यामुळे उत्सर्जन कमी होईल की वाढेल? ज्या तक्त्यावरून हा निर्णय होणार तो तक्ता कदाचित तुम्हीच केलेला असेल. उत्तर लेखात येईलच, आधी अंतराकडे वळू.

तीन वाहनं, तीन अंतरं

गाडीचं अंतर म्हणजे रस्त्याची लांबी. माळीवाड्याहून समृद्धीला लागा किंवा जुन्या रस्त्याने नाशिकमार्गे जा, शहरातल्या कुठल्या टोकाहून निघून मुंबईत कुठे उतरता त्यावर दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतील. आपण ३४० किलोमीटर धरू.

रेल्वेचं अंतर शोधायला नकाशाही उघडावा लागत नाही, तिकिटावर छापलेलं असतं. ते सुमारे ३७५ किलोमीटर आहे. रस्त्यापेक्षा जास्त का? कारण आपली रेल्वे आधी वायव्येला जाते. लासूर, रोटेगाव, नगरसोल करत मनमाडला पोचते आणि तिथून नैऋत्येला वळून नाशिक रोड, इगतपुरी, कसारा घाट, कल्याण असं करत मुंबई गाठते. नकाशावर बघितलंत तर मनमाडला सरळसरळ कोपर दिसतं.

विमानाचं अंतर मात्र मोजावं लागतं. चिकलठाणा विमानतळ आणि मुंबई विमानतळ यांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर काढायचं. पायथॉनमध्ये पाच-सहा ओळींचं काम आहे:

```python
from math import radians, sin, cos, asin, sqrt

def gc_km(la1, lo1, la2, lo2):
    la1, lo1, la2, lo2 = map(radians, (la1, lo1, la2, lo2))
    h = sin((la2-la1)/2)**2 + cos(la1)*cos(la2)*sin((lo2-lo1)/2)**2
    return 2 * 6371 * asin(sqrt(h))

print(gc_km(19.863, 75.398, 19.089, 72.868))
```

उत्तर येतं सुमारे २७९ किलोमीटर. पण विमानही या रेषेवरून जात नाही. उडाल्यावर वळण, ठरलेले हवाई मार्ग, मुंबईवर उतरण्याआधीच्या घिरट्या, हे सगळं त्यात धरावं लागतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, तिच्या गणनापद्धतीत ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या उड्डाणाला सरसकट ५० किलोमीटर जोडते. म्हणजे आपलं अंतर झालं ३२९.

इथे पहिला खड्डा आहे. काही गुणकांमध्ये ही वाढ आधीच बसवलेली असते. ब्रिटिश सरकार दरवर्षी जे गुणक प्रसिद्ध करतं, त्यांतल्या विमानाच्या गुणकात अंतराची ८ टक्के वाढ धरलेली आहे. तो गुणक घेऊन तुम्ही वर ५० किलोमीटरही जोडलेत, तर तेच वळण दोनदा मोजलंत. म्हणून गुणक उचलताना तो कोणत्या अंतरासाठी केलाय हे त्याच्या पद्धतीच्या प्रकरणात जाऊन वाचायचं. तक्ता पहिल्या पानावर असतो आणि ही माहिती चाळिसाव्या, त्यामुळे बहुतेकांचं वाचन तक्त्यापाशीच थांबतं.

आणखी एक गोष्ट. तिन्ही वाहनांचे ‘प्रतिप्रवासी प्रतिकिलोमीटर इतके ग्रॅम’ असे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. विमानाचा किलोमीटर सरळ आहे, रेल्वेचा कोपरातून वळलेला. रेल्वेला त्याच मुंबईसाठी ९६ किलोमीटर जास्त चालावं लागतं. तुलना करायची ती घरापासून मुक्कामापर्यंतच्या अख्ख्या प्रवासाची, किलोमध्ये.

गुणकाच्या आत काय असतं

गुणक ही आकाशातून पडलेली संख्या नाही, तो एक अपूर्णांक आहे. अंशात एका किलोमीटरला जळलेलं इंधन गुणिले त्या इंधनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, छेदात प्रवासी. अंशातला दुसरा भाग रसायनशास्त्राने ठरवलेला आहे, त्यात वादाला फारशी जागा नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो, एक लिटर डिझेलला सुमारे २.७ किलो, आणि एक किलो विमान-इंधनाला ३.१६ किलो. (इंधनाच्या वजनापेक्षा वायूचं वजन जास्त कसं, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन जोडला जातो, त्याचं वजन ते.) खरी अनिश्चितता आहे किती इंधन जळलं यात, आणि त्याहूनही जास्त छेदात.

गाडीचं गणित सगळ्यांत सोपं आहे, तिथून सुरुवात करू. पेट्रोलची मध्यम गाडी, लिटरला १५ किलोमीटर. ३४० भागिले १५ म्हणजे सुमारे २२.७ लिटर, गुणिले २.३ म्हणजे ५२ किलो. हे गाडीचं झालं, माणसाचं नाही. एकटे गेलात तर ५२, दोघे असाल तर प्रत्येकी २६, चौघे असाल तर १३. चौथा माणूस आणि त्याची बॅग चढल्यामुळे इंधन थोडं वाढतं, पण इतर अनिश्चिततांपुढे ते किरकोळ आहे.

१५ हा आकडा कुठून आणायचा? कंपनीच्या पत्रकावरून नको. तो प्रयोगशाळेत ठरावीक चक्रावर मोजलेला असतो. समृद्धीवर गाड्यांना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० च्या वेगाने १७ देणारी गाडी १२० च्या वेगाने १२ वर आली तर नवल नाही. म्हणजे तीच गाडी, तोच रस्ता, आणि उत्तर ४६ किलोपासून ६५ किलोपर्यंत कुठेही. तुमचं सर्वेक्षण असेल तर लोकांना ‘तुमची गाडी किती ॲव्हरेज देते?’ असं विचारू नका, अभिमानाचा आकडा सांगतात. टाकी गच्च भरायची, प्रवास करायचा, पुन्हा त्याच पंपावर गच्च भरायची आणि किती लिटर बसलं ते लिहायचं. जुनी रीत आहे, पण विश्वासाची.

विमान: पहिले काही किलोमीटर फार महाग असतात

विमानासाठी तयार गुणक आहे. ‘इंडिया जीएचजी प्रोग्राम’ने २०१५ मध्ये भारतासाठी जे वाहतुकीचे गुणक काढले, त्यांत देशांतर्गत विमानप्रवासाला प्रवासी-किलोमीटरमागे सुमारे १२१ ग्रॅम दिलेले आहेत. २७९ ने गुणलं की ३४ किलो येतात. एकट्याच्या गाडीच्या ५२ समोर हे बरंच कमी दिसतं. पण थांबा.

हा गुणक देशातल्या सगळ्या उड्डाणांची सरासरी आहे, आणि त्यांतली बहुतेक आपल्या उड्डाणापेक्षा लांबची असतात. विमानाचं इंधन अंतराच्या सरळ प्रमाणात जळत नाही. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पूर्ण ताकदीने उडणं, पंचवीस-तीस हजार फुटांवर चढणं, हा खर्च मुंबईला जा नाहीतर दिल्लीला, करावाच लागतो. रिक्षाच्या मीटरसारखं आहे: पहिल्या टप्प्याचं ठरावीक भाडं, मग पुढे किलोमीटरप्रमाणे.

युरोपीय पर्यावरण संस्थेच्या उत्सर्जन-मार्गदर्शिकेत विमानाच्या प्रकारानुसार आणि अंतरानुसार इंधनाचे तक्ते आहेत. एअरबस ए३२० या नेहमीच्या विमानासाठी जुन्या तक्त्यातले आकडे ढोबळमानाने असे: २३२ किलोमीटरला १.६ टन, ४६३ किलोमीटरला २.५ टन, ९२६ किलोमीटरला ३.७ टन. (अंतरं अशी विचित्र का? मूळ तक्ता सागरी मैलांत आहे: १२५, २५० आणि ५००.) आता प्रत्येकाला किलोमीटरने भागून बघा. पहिल्याला किलोमीटरमागे जवळपास ७ किलो, दुसऱ्याला ५.४, तिसऱ्याला ४. अंतर चौपट झालं आणि दर किलोमीटरचा खर्च निम्म्याच्या थोडा वर राहिला. एकच गुणक सगळीकडे लावला तर लांबची उड्डाणं उगाच दोषी ठरतात आणि संभाजीनगर–मुंबईसारखी जवळची सुटून जातात.

आपलं अंतर ३२९. ते २३२ आणि ४६३ यांच्या मध्ये येतं, म्हणून दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा धरू:

```
1.6 + (329 - 232) / (463 - 232) * (2.5 - 1.6) = 1.98
```

म्हणजे सुमारे २ टन इंधन. गुणिले ३.१६ केलं की अख्ख्या विमानाचे ६.३ टन कार्बन डायऑक्साइड. विमानात १८० आसनं आणि त्यांतली ८५ टक्के भरलेली धरली तर १५३ प्रवासी. प्रत्येकी ४१ किलो. आधीच्या ३४ पेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त.

आता एक गंमत बघा. कोणी आळसाने रस्त्याचंच ३४० हे अंतर विमानाला लावलं आणि १२१ ने गुणलं, तर उत्तर येतं ४१ किलो! अंतर जास्त धरलं, गुणक या उड्डाणासाठी कमी होता, आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. म्हणूनच ‘माझं उत्तर प्रसिद्ध आकड्याशी जुळतं’ एवढ्यावर समाधान मानू नका. हीच पद्धत ९२६ किलोमीटरच्या उड्डाणाला लावून बघा. तक्त्यावरून ७६ किलो येतात, १२१ च्या गुणकाने ११२. पद्धत बरोबर आहे की नाही हे एका प्रवासावरून कळत नाही, जवळचा आणि लांबचा असे दोन तरी घेतले की झाकलेली चूक उघडी पडते.

विमानाचा प्रकारही इथे बोलतो. नव्या पिढीचं ए३२० निओ साधारण १५ टक्के कमी जाळतं. पंखे दिसणारं छोटं एटीआर अशा जवळच्या मार्गावर दरप्रवासी आणखी कमी जाळतं. म्हणून उड्डाण क्रमांकासोबत विमानाचा प्रकारही नोंदवा, बोर्डिंगच्या वेळी लिहून ठेवला की झालं.

उंचीवरच्या धूम्ररेषा आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यामुळेही तापमानवाढ होते, म्हणून काही पद्धती विमानाच्या कार्बनला १.७ ने किंवा २ ने गुणतात. मी इथे ते केलेलं नाही. आपलं उड्डाण पाऊण-एक तासाचं, वर चढलं की उतरायला लागतं, उंचावर फार वेळ राहतच नाही. लांबच्या उड्डाणांच्या सरासरीवर बेतलेला हा गुणाकार इथे लावणं मला पटत नाही. तुम्ही लावलात तर निदान ती ओळ वेगळी दाखवा, कारण तो आकडा मग ‘कार्बन डायऑक्साइड’ राहत नाही, ‘समतुल्य’ होतो, आणि गाडीच्या आकड्याशेजारी तसाच ठेवता येत नाही.

रेल्वे: धूर दिसत नाही म्हणून

३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, म्हणजे तोवर मनमाडपासून जालन्यापर्यंत विजेच्या तारा पोचल्या होत्या. त्याआधी मराठवाड्यातल्या या पट्ट्यावर डिझेल इंजिनांचं राज्य होतं. आता इंजिनातून धूर निघत नाही. मग रेल्वेचं उत्सर्जन शून्य लिहायचं का?

इथे हद्द कुठे आखता हा प्रश्न येतो. ‘वाहनाच्या नळीतून जे निघतं तेच मोजू’ अशी हद्द आखलीत तर विजेची रेल्वे शून्य होईल आणि तुलना निरर्थक होईल. आपण हद्द अशी धरू: इंधन जिथे जळतं तिथे मोजायचं. गाडीचं इंजिनात जळतं, विमानाचं पंखाखाली, आणि रेल्वेचं औष्णिक वीजकेंद्राच्या भट्टीत. कोळसा खणणं, तेल शुद्ध करणं हे तिघांसाठीही बाहेर ठेवू. हद्द कोणतीही चालेल, पण तिघांना एकच हवी.

मग वीज कोणत्या केंद्राची? परळी जवळ आहे म्हणून परळीच्या केंद्राचा आकडा घ्यावासा वाटतो. पण २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं जाळं जोडलं गेल्यापासून देशाचं वीजजाळं एकच आहे, आणि तारेतली वीज कुठून आली हे वेगळं सांगता येत नाही. म्हणून राष्ट्रीय सरासरी घ्यायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ती दरवर्षी प्रसिद्ध करतं. २०२३-२४ साठी ती दर युनिटला ०.७२७ किलो होती, त्याआधीच्या वर्षी ०.७१६. वर्ष लिहायला विसरू नका, कारण ही संख्या हलत असते.

आता गाडी. वीस डबे, प्रवाशांसह प्रत्येकी सुमारे ५० टन, आणि १२० टनांचं इंजिन. एकूण ११२० टन. प्रवासी गाडी ओढायला दर हजार टन-किलोमीटरला ढोबळमानाने २० युनिट लागतात असं धरू. म्हणजे किलोमीटरला २२.४ युनिट, गुणिले ०.७२७ म्हणजे १६.३ किलो. ३७५ किलोमीटरचे झाले ६.१ टन.

हा आकडा जरा थांबून बघा. अख्ख्या विमानाचे ६.३ टन आले होते, अख्ख्या रेल्वेगाडीचे ६.१ टन. मुंबईला पोचेपर्यंत दोघांनी हवेत जवळपास सारखंच ओतलं. रेल्वेचा मोठेपणा अंशात नाही, छेदात आहे. विमानात १५३ माणसं होती, गाडीत हजार. प्रत्येकी ६ किलो.

छेद एवढा महत्त्वाचा असेल तर तो नीट मोजायला हवा, आणि भारतीय रेल्वेत तेच अवघड आहे. एका डब्याच्या वाट्याला ६.१ टनांपैकी सुमारे ३०५ किलो येतात. नव्या एलएचबी डब्यांत टू-टियर एसीला ५२ बर्थ असतात, स्लीपरला ८०. डबे भरलेले धरले तर एसीवाल्याच्या वाट्याला जवळपास ६ किलो आणि स्लीपरवाल्याच्या वाट्याला ४ पेक्षा थोडे कमी. जनरलच्या डब्यात दीडशे माणसं कोंबलेली असतील तर प्रत्येकी २. म्हणजे पाय ठेवायला जागा नसलेल्या माणसाचा प्रवास कागदावर सर्वांत स्वच्छ ठरतो. हा आकडा खरा आहे, पण तो सोय मोजत नाही, आणि ‘कार्यक्षमता’ म्हणून त्याचं कौतुक करण्याआधी एकदा त्या डब्यातून जाऊन यावं.

एसीची वीज आपण वेगळी धरलेली नाही. काही गाड्यांमध्ये ती इंजिनामार्फत वरच्या तारेतूनच येते, जुन्या पद्धतीच्या गाड्यांमध्ये मात्र शेवटी जोडलेल्या जनित्राच्या डब्यात डिझेल जळतं. ते डिझेल ओढण्याच्या विजेच्या आकड्यात दिसतच नाही. तुमच्या गाडीला असा डबा असेल तर त्याचा वेगळा हिशोब लावा.

२०१५ च्या त्याच भारतीय गुणकांत रेल्वेला प्रवासी-किलोमीटरमागे सुमारे ८ ग्रॅम आहेत. ३७५ ने गुणलं तर ३ किलो. आपल्या ६ च्या निम्मे. यातलं चूक कोण? कदाचित कोणीच नाही. तो गुणक देशभरच्या खच्चून भरलेल्या गाड्यांची सरासरी आहे, आपण डब्यामागे पन्नासच माणसं धरली. शंभर धरली की आपलंही उत्तर ३ वर येतं. असा फरक दिसला की घाईने एक आकडा खोटा ठरवू नका, आधी दोघांचे छेद समोरासमोर ठेवा. याच कारणासाठी ब्रिटनचा रेल्वे-गुणक भारतीय प्रवासाला लावायचा नसतो. तो आपल्या आठ ग्रॅमच्या कित्येक पट आहे, तिथली वीज, डिझेलचं प्रमाण आणि डब्यांतली गर्दी सगळंच वेगळं.

एक आकडा नको, पट्टा द्या

आतापर्यंतची उत्तरं: एकट्याची गाडी ५२, विमान ४१, रेल्वे ६ किलो. हे तीन आकडे तक्त्यात टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. पण प्रत्येक गृहीतक दोन्ही बाजूंना ताणून बघितल्याशिवाय क्रम लावू नका.

गाडीचा पट्टा आपण पाहिला, ४६ ते ६५. विमानात नवं, जवळपास पूर्ण भरलेलं विमान धरलं (१.७ टन इंधन, १६७ प्रवासी) तर ३२ किलो, जुनं आणि तीन-चतुर्थांश भरलेलं धरलं (२.१ टन, १३५ प्रवासी) तर ४९. रेल्वे ३ पासून, गाडी बरीच रिकामी असली तर ९ पर्यंत.

रेल्वेबद्दल शंका उरत नाही. तिचा सर्वांत वाईट आकडा विमानाच्या सर्वांत चांगल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. एकट्याची गाडी आणि विमान यांचे पट्टे मात्र ४६ ते ४९ मध्ये एकमेकांवर चढतात. तिथे ‘गाडी विमानापेक्षा वाईट’ असं ठामपणे लिहिता येत नाही, ‘बहुतेक परिस्थितींत वाईट’ एवढंच लिहिता येतं. दोघे असतील तर प्रत्येकी २३ ते ३३, म्हणजे वरचं टोक विमानाच्या खालच्या टोकाला जेमतेम शिवतं. तिघे असतील तर १५ ते २२, आणि वाद संपला.

म्हणजे सुरुवातीच्या त्या ‘विमान बंद, गाडी मंजूर’ नियमाचं उत्तर असं आहे: लोक एकेकटे गेले तर उत्सर्जन बहुधा वाढेल, तिघे मिळून गेले तर निम्म्यावर येईल. नियमात वाहनाचं नाव लिहून भागत नाही, माणसांची संख्या लिहावी लागते. आणि तुमच्या प्रश्नावलीत ‘कशाने गेलात?’च्या खाली ‘गाडीत किती जण होतात?’ हा रकाना नसेल, तर सगळा विदा गोळा झाल्यावर त्याला काही इलाज नाही.

दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: ‘विमान तसंही जाणारच होतं, मी बसलो काय आणि नाही काय?’ खरंय, तुमच्या एकट्याच्या वजनाने जळणारं जास्तीचं इंधन थोडंच आहे. पण हाच युक्तिवाद रेल्वेला लावला तर तीही शून्य होते आणि गाडीतला चौथा माणूसही. आपण इथे सरासरी वाटप करतोय, एकूण भागिले माणसं. वाढीव परिणाम मोजायचा असेल तर तो वेगळा अभ्यास आहे, त्यात मागणी वाढली की उड्डाणं वाढतात का हेही बघावं लागतं. दोन पद्धती एका तक्त्यात मिसळू नका, म्हणजे झालं.

दुसरा प्रश्न घर ते स्टेशनचा. चिकलठाणा विमानतळ शहराला लागून आहे, पण मुंबईत उतरल्यावर पुढे जायचंच असतं. एकट्याने टॅक्सीने २० किलोमीटर गेलात तर, लिटरला १५ च्याच हिशोबाने, ३ किलो. विमानाच्या ४१ मध्ये हे लपून जातं. रेल्वेच्या ६ मध्ये मात्र निम्म्याने भर पडते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून टॅक्सीने दूर उपनगरात गेलात, तर प्रवासाचा तिसरा हिस्सा कार्बन शेवटच्या वीस किलोमीटरमध्येच गेला. तीच वाट लोकलने गाठली तर भर दोन-तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे रेल्वेप्रवासाचा अभ्यास करताना दोन्ही टोकांच्या प्रवासाचे रकाने आधी आखून घ्या, आणि त्यातही वाहन, किलोमीटर आणि माणसं अशा तीन वेगळ्या नोंदी ठेवा.